एक्केचाळीस मेल, तीन ओळी

दुपारचे साडेबारा वाजले आहेत. कंपनीच्या एमडी मॅडम एका बैठकीतून उठून दुसऱ्या बैठकीला निघाल्या आहेत. त्यांना एक मेल येतो: ‘खालचा ट्रेल पाहावा, आपलं मार्गदर्शन हवं.’ खाली सात दिवसांतले एक्केचाळीस मेल आहेत. त्या तो उघडतात, अंगठ्याने दोनदा वर सरकवतात आणि फोन पर्समध्ये टाकतात. ज्या निर्णयाची पाचपर्यंत गरज होती, तो रात्री नऊ वाजेपर्यंत कोणी घेतलेला नसतो.

असा ट्रेल तीन ओळींत कसा बसवायचा, हे शिकता येण्यासारखं काम आहे. एक रचलेलं, पण चाकण-तळेगाव पट्ट्यात कोणालाही ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. एक कारखाना पंपाची ॲल्युमिनियमची हाउसिंग बनवून जर्मनीतल्या ग्राहकाला पाठवतो. ६ जूनला ग्राहकाचा मेल येतो की ४,८०० नगांच्या लॉटमध्ये गळती आहे. त्यांनी ४०० नग तपासले, त्यातले ३४ नापास झाले. मग क्वालिटी, सेल्स, प्लांट, लॉजिस्टिक्स आणि ग्राहकाचे दोन अधिकारी मेलामेली सुरू करतात. आज १२ जून, गुरुवार. मेल अर्थातच इंग्रजीत आहेत, पण इथे आपण मराठीत बोलू.

बहुतेक जण वरून खाली वाचत जातात. सर्वांत नवा मेल आधी, मग त्याखालचा. त्यामुळे कोणी कोणाला उत्तर दिलं हे उलटं दिसतं आणि शेवटी जो बोलला तोच बरोबर असं वाटू लागतं. ट्रेल जुन्या मेलपासून वाचावा, हाताशी कोरा कागद ठेवून. प्रत्येक मेलसाठी तीनच गोष्टी लिहायच्या: कोण, कुठल्या तारखेला, आणि नवं काय सांगितलं. एक्केचाळीसपैकी बऱ्याच मेलांसमोर तिसरा रकाना रिकामाच राहतो. ‘थँक्स’, ‘प्लीज ॲडव्हाइज’, ‘ॲज डिस्कस्ड’. आमच्या उदाहरणात कागदावर अकरा ओळी उरतात. तिथून पुढचं काम हलकं होतं.

त्याच वेळी ‘टू’ आणि ‘सीसी’मधली नावंही पाहायची. हे कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या अनुभवात सर्वांत मोठ्या चुका इथेच लपतात. कोणीतरी तिसऱ्या दिवशीच्या मेलला उत्तर देतो, तेव्हा ट्रेलला फाटा फुटतो. जीमेलमध्ये मात्र सगळे मेल तारखेनुसार एकाखाली एक दिसतात, त्यामुळे फाटा फुटल्याचं कळत नाही. पंधराव्या मेलपर्यंत पाच जण होते आणि सोळाव्यात तीनच आहेत, हे नावांवरूनच कळतं. आमच्या ट्रेलमध्ये अशा एका फाट्यावर क्वालिटीचा इंजिनीअर आणि ग्राहकाचा तपासनीस दोघंच बोलत आहेत. तिथे उलगडा होतो की ग्राहक ३ बार दाबावर गळती तपासतो आणि आपण २ बारवर. एप्रिलमध्ये आलेल्या सुधारित ड्रॉइंगमध्ये ३ बार आहे. सेल्स या फाट्यावर नाही, म्हणून मुख्य ट्रेलमध्ये सेल्सचा मॅनेजर अजूनही ‘ग्राहकाची तपासणी चुकीची असावी’ असंच लिहितो आहे. फायनान्सचं नाव तर एकाही मेलवर नाही, आणि प्रश्न पैशांचा आहे.

याच ठिकाणी सारांश लिहिणारा एक सोयीची चूक करतो. ग्राहकाचं नापासाचं प्रमाण साडेआठ टक्के आहे. आपल्याकडे राखून ठेवलेल्या २०० नगांत ४ नापास, म्हणजे दोन टक्के. मग तो लिहितो, ‘नापासाचं प्रमाण दोन ते साडेआठ टक्के.’ वाक्य गुळगुळीत आहे आणि अर्थ चुकीचा आहे. हे एकाच गोष्टीचे दोन अंदाज नाहीत. दोन वेगवेगळ्या दाबांवरच्या दोन चाचण्या आहेत. दोन आकडे जुळत नसतील तर त्यांच्यामध्ये आडवी रेघ ओढण्याआधी ते का जुळत नाहीत, ते शोधावं. बहुधा बातमी तिथेच असते.

पुढची चाळणी शब्दांची. कोण काय म्हणालं आणि काय ठरलं, यातलं अंतर मेलमध्ये फार पुसट असतं. ग्राहकाने त्यांच्या गोदामातल्या नगांचं सॉर्टिंग बाहेरच्या एजन्सीकडून करून घेण्याचा दर पाठवला. सेल्सने उत्तर दिलं: ‘नोटेड.’ आपल्या ऑफिसात याचा अर्थ ‘वाचलं’ एवढाच. दोन दिवसांनी ग्राहक लिहितो, ‘तुम्ही मान्य केल्याप्रमाणे सॉर्टिंग सुरू केलं आहे.’ त्यावर कोणीच हरकत घेतलेली नाही. सारांशात ‘सॉर्टिंगचा खर्च आपण देणार’ असं लिहिलं तर न झालेला निर्णय आपण झाला म्हणून वर पाठवतो. गाळून टाकलं तर मॅडमना बिल आल्यावरच कळेल. लिहायचं ते असं की ग्राहक मान्यता धरून चालला आहे, आपल्याकडून कोणी दिलेली नाही.

प्लांटचा मेल म्हणतो, ‘१,२०० नग शुक्रवारपर्यंत तयार व्हायला हवेत.’ या ‘व्हायला हवेत’मध्ये किती भरवसा आहे, हे मेल वाचून कळत नाही. फोन उचलून प्लांटच्या प्लॅनरला विचारावं. तो सांगतो, आज सकाळपर्यंत ३ बारवर ७०० नग पास झाले, चाचणीचं बेंच एकच आहे, बाकी उद्या रात्रीपर्यंत होतील. पाच मिनिटांच्या या फोनने जे मिळालं ते एक्केचाळीस मेलांत नव्हतं.

अशी अट गाळली गेली तर काय होतं, याचं नोंदलं गेलेलं उदाहरण फार जड आहे. जानेवारी २००३मध्ये कोलंबिया यान उड्डाण करताना बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा त्याच्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधून तो स्लाइडवर वरिष्ठांपुढे ठेवला. एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, लहान अक्षरांत, चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा आणि प्रत्यक्षातला सुमारे १,९२० घन इंचांचा असल्याची नोंद होती. म्हणजे ज्या चाचण्यांवर दिलासा उभा होता, त्या या घटनेला लागूच नव्हत्या. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. दुर्घटनेच्या चौकशी मंडळाने या स्लाइडची स्वतंत्र चिकित्सा केली आणि माहिती एकेक पायरी वर जाताना तिच्यातले आधार आणि शंका कशा गळत जातात, हे नोंदवलं. कारखान्याच्या मेलमध्ये जीव पणाला लागलेले नसतात. पण गळण्याची रीत तीच. शीर्षकात निष्कर्ष राहतो आणि अट तळाशी जाते. म्हणून तीन ओळींतली एक पूर्ण ओळ मी अनिश्चित गोष्टींसाठी राखून ठेवते.

आता लिहायला बसू. पहिल्या ओळीत घटना नको, मागणी हवी: तुमच्याकडून काय हवंय आणि कधीपर्यंत. मंत्रालयातल्या नस्तीवर टिप्पणीच्या शेवटी ‘आदेशार्थ सादर’ किंवा ‘अवलोकनार्थ सादर’ असं लिहितात, तेवढ्यावरून वरिष्ठाला आपलं काम कळतं. मेलमध्ये तेच शेवटून उचलून सुरुवातीला आणायचं, कारण फोनच्या पडद्यावर विषय आणि पहिले काही शब्दच दिसतात. दुसऱ्या ओळीत आजची स्थिती आणि तिचं कारण, आकड्यांसह. तिसऱ्या ओळीत काय अनिश्चित आहे आणि कोणाची काय शिफारस आहे. आमच्या ट्रेलचा सारांश असा होतो:

‘आज सायंकाळी ५पर्यंत मान्यता हवी: जर्मनीच्या ग्राहकाला १,२०० नग शनिवारी विमानाने पाठवणे, खर्च ६.८ लाख रुपये. मालवाहतुकीचा दर आजपुरताच आहे.

त्यांचा चांगला साठा १९ जूनला संपतो आणि जहाजाने महिन्याहून जास्त लागेल. त्यांच्या तपासणीत ४००पैकी ३४ नग गळले, आणि आपण नव्या ड्रॉइंगमधल्या ३ बारऐवजी २ बारवर तपासत होतो हे कारण, असं क्वालिटीचं मत.

अनिश्चित: १,२००पैकी ७०० तयार, बाकी उद्या रात्रीपर्यंत होतील असं प्लांट म्हणतो, सॉर्टिंगचा खर्च आपण मान्य केलाय असं ग्राहक धरतोय, पण तशी मान्यता कोणी दिलेली नाही, पाठवावेत अशी सेल्स आणि प्लांटची शिफारस, फायनान्सला अजून विचारलेलं नाही.’

तिसरी ओळ लांब आहे. ती लांबच राहू द्यावी. ‘टीम यावर काम करत आहे’ यासारखं वाक्य घालून ती छोटी करता येते, पण त्या वाक्यात माहिती शून्य असते. कोणत्या दिवशी कोणी तक्रार केली, किती मेल झाले, सेल्स आणि क्वालिटीत किती खटके उडाले, हे इथे आलेलं नाही. मॅडमना निर्णयासाठी ते लागत नाही. प्रत्येक मत कोणाचं, हे मात्र आलं आहे. ‘कारण ड्रॉइंगचं आहे’ आणि ‘कारण ड्रॉइंगचं आहे, असं क्वालिटीचं मत’ यांत तीनच शब्दांचा फरक, पण दुसरं वाक्य वाचून मॅडम नेमक्या माणसाला फोन लावू शकतात.

पाठवण्याआधी एक पारख करावी. ट्रेल न पाहता, फक्त या तीन ओळी वाचून वाचणाऱ्याला ‘हो’, ‘नाही’ किंवा एकच नेमका प्रश्न लिहिता येतो का? ‘म्हणजे नक्की काय करायचं?’ असं उत्तर येण्याजोगं असेल, तर पहिली ओळ फसली आहे. दोन स्वतंत्र निर्णय लागत असतील तर दोन मेल करावेत. इथे सॉर्टिंगच्या खर्चाचा निर्णय उद्यावर टाकता आला म्हणून एकात भागलं. आणि ट्रेलमध्ये कोणाच्या नोकरीचा किंवा कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न असेल, तर सारांश लिहूच नये. वेळ मागून प्रत्यक्ष भेटावं, कारण तिथे मूळ शब्दच महत्त्वाचे असतात.

मेल पाठवताना जुना ‘रि: रि: एफडब्ल्यू:’ विषय काढून ‘मान्यता हवी, आज ५पर्यंत: जर्मनी एअर फ्रेट’ असा नवा विषय द्यावा आणि ट्रेल खाली राहू द्यावा. विषय बदलला की जीमेल नवं संभाषण सुरू करतं, म्हणजे मॅडमसमोर तीन ओळींचा वेगळा मेल येतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की त्यांचं ‘अप्रूव्ह्ड’ हे उत्तरही त्या नव्या संभाषणातच पडून राहतं. प्लांट, सेल्स आणि लॉजिस्टिक्स अजून जुन्या ट्रेलवर वाट पाहत असतात. म्हणून उत्तर आल्या आल्या जुन्या ट्रेलवर रिप्लाय ऑल करून निर्णय, रक्कम आणि तारीख लिहावी, सॉर्टिंगला अजून मान्यता नाही हेही ग्राहकाच्या नजरेला पडेल असं सभ्य शब्दांत लिहावं, आणि पाठवण्यापूर्वी सीसीमध्ये फायनान्सचं नाव घालावं.