सोमवारची सूचना: तेरा आठवड्यांची आखणी

एकट्याने व्यवसाय करणारे अनेक सल्लागार दर सोमवारी ग्राहकांना एक उपयुक्त सूचना पाठवायला सुरुवात करतात. त्यातल्या बऱ्याच मालिका दुसऱ्या महिन्यात थांबतात, आणि थांबण्याचे कारण सहसा आळस नसते. पहिले चार-पाच विषय सल्लागाराच्या डोक्यात आधीपासून तयार असतात. ते संपले की रविवारी रात्री नवा विषय शोधायची वेळ येते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ग्राहकांच्या कामाचा ढीग लागलेला असतो. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: विषय कुठून येणार, आणि कामाच्या गर्दीच्या दिवसांत मालिका कशावर चालणार.

इचलकरंजीतल्या एका काल्पनिक जीएसटी सल्लागाराचे उदाहरण घेता येईल. त्याचे ग्राहक सूतव्यापारी, यंत्रमागधारक आणि छोटे दुकानदार आहेत. त्याने मालिकेचे नाव ‘सोमवारची करसूचना’ ठेवले, तर आयकर, पगार, कर्ज असे सगळेच त्यात येईल आणि दर आठवड्याला कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागेल. ‘जीएसटी विवरण भरण्याआधी’ असे नाव दिले, तर वर्तुळ लहान होते आणि विषय सुचणे सोपे जाते, कारण प्रत्येक विवरणपत्रापूर्वी काहीतरी तपासायचे असतेच.

विषयांचा खरा साठा ग्राहकांच्या प्रश्नांत असतो. मागच्या तीन-चार महिन्यांतले फोन, संदेश आणि परत पाठवलेली कागदपत्रे चाळून प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावेत. ‘बिल माझ्याकडे आहे, मग क्रेडिट का मिळत नाही?’ हा असाच एक नेहमीचा प्रश्न. नवखा लेखक त्याचे पूर्ण उत्तर एकाच सोमवारी देऊन टाकतो. अनुभवी लेखक आधी त्याचे तुकडे करतो. पुरवठादाराने बिल आपल्या जीएसटीआर-1 मध्ये टाकलेले नसते, किंवा तो तिमाही विवरण भरणारा असतो आणि बिल उशिरा दिसते, ही एक सूचना. बिलावर खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक चुकलेला असतो, ही दुसरी. पुरवठादाराला 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते आणि पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते, ही तिसरी. मागच्या आर्थिक वर्षाचे राहिलेले क्रेडिट घेण्याची मुदत साधारणपणे 30 नोव्हेंबरला संपते, ही चौथी. एका प्रश्नातून चार सोमवार निघतात, आणि वाचणाऱ्यालाही एका वेळी एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

मालिका ‘कायमची’ म्हणून जाहीर करू नये. एक तिमाही म्हणजे 13 आठवडे हे सांभाळता येण्याजोगे माप आहे. 2026 च्या जानेवारी ते मार्च या काळात 5 जानेवारीपासून 30 मार्चपर्यंत नेमके 13 सोमवार येतात. त्यांची मांडणी करताना आधी तारखांना बांधलेल्या सूचना बसवाव्यात. मासिक जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारीख, त्यामुळे विक्रीची बिले तपासण्याची सूचना 5 जानेवारीला जाते. खरेदीची बिले दाखवणारे जीएसटीआर-2बी 14 तारखेला तयार होते आणि जीएसटीआर-3बी 20 पर्यंत भरायचे असते, म्हणून खरेदी जुळवण्याची सूचना 12 ला. तीच 19 ला पाठवली तर वाचणाऱ्याच्या हातात एकच दिवस उरतो, आणि त्या दिवशी सल्लागाराचा फोनही सतत वाजत असतो. तारखेची सूचना मुदतीच्या साधारण आठवडाभर आधी पोचायला हवी. हा नियम मोडला की सूचनेचा उपयोग संपतो आणि ती नुसती आठवण उरते.

मार्चमध्ये वर्षअखेरीचे चार विषय येतात. पुढच्या वर्षासाठी कंपोझिशन योजना निवडायची असेल तर 31 मार्चपूर्वी अर्ज, निर्यातदारांचे नवे हमीपत्र, वर्षअखेरीची खरेदी-विक्रीची जुळवणी आणि 1 एप्रिलपासून बिलांची नवी क्रममालिका. पहिले तीन 9, 16 आणि 23 मार्चला जावेत. क्रममालिकेचे काम तासाभराचे असल्याने 30 तारीख तिला पुरते. 2 फेब्रुवारीचा सोमवार मुद्दाम मोकळा ठेवावा. 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो आणि दुसऱ्या दिवशी ग्राहक त्याबद्दलच विचारणार. उरलेल्या सहा सोमवारांपैकी चार क्रेडिटच्या तुकड्यांना जातात. 19 आणि 26 जानेवारीला अगदी छोट्या सूचना पुरतात, कारण पहिल्या दिवशी गर्दी असते आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी.

प्रत्येक सूचनेचा साचा एकच ठेवावा: आधी ग्राहकाला दिसणारी अडचण, मग कारण, शेवटी या आठवड्यात करायचे एक काम. उदाहरणार्थ: ‘खरेदीचे बिल हातात आहे, पण 2बीमध्ये दिसत नाही. पुरवठादाराने ते अजून टाकलेले नसावे. या महिन्यात त्याचे क्रेडिट घेऊ नका. बिल क्रमांक आणि तारीख लिहून पुरवठादाराला आजच संदेश पाठवा.’ एवढे पुरते. साचा ठरलेला असला की एका निवांत दुपारी चार सूचना लिहून होतात. वेगवेगळ्या चार रविवारी त्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण दर वेळी विषयात नव्याने शिरावे लागते.

मालिका सुरू करण्यापूर्वी निदान चार सूचना तयार असाव्यात आणि पुढेही साठा चाराच्या आसपास राहावा. तो दोनवर आला की त्या आठवड्यातच लिहायला बसावे. साठ्यातल्या सूचनेवर ती कधी लिहिली ते नोंदवावे आणि पाठवण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचावी. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले आणि 12 व 28 टक्क्यांच्या टप्प्यांतल्या बहुतेक वस्तू दुसऱ्या दरांत गेल्या. ऑगस्टमध्ये लिहून ठेवलेली दरांवरची सूचना ऑक्टोबरमध्ये तशीच गेली असती, तर ग्राहकांची बिले चुकली असती. म्हणून दर आणि मुदती ज्यांत आहेत अशा सूचना फार आधी लिहू नयेत. फार आधी लिहायच्या त्या तपासण्याच्या पद्धतीच्या.

गावात ग्राहक एकमेकांना ओळखतात, ही मर्यादाही पाळावी लागते. रक्कम, माल आणि महिना बदलला तरी ‘बसस्टँडजवळचे सूतव्यापारी’ म्हटले की माणूस कळतो. असा तपशील गाळलाच पाहिजे. सनदी लेखापाल आणि वकील यांच्यावर जाहिरातीची व्यावसायिक बंधनेही आहेत. त्यांनी आपल्या संस्थेचे नियम आधी वाचावेत.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश फक्त ज्यांनी सल्लागाराचा नंबर जतन केला आहे त्यांनाच मिळतो. त्यामुळे पहिल्या सोमवारपूर्वी ग्राहकांना नंबर जतन करायला सांगणे हेही आखणीतलेच काम. लिंक्डइनवर मजकूर आधीच वेळ ठरवून लावता येतो. व्हॉट्सॲपच्या यादीसाठी सोमवारची पाच मिनिटे राखून ठेवावीत.

मालिका थकत चालली आहे हे मजकुरावरूनच कळते. सूचना लांबतात, करायचे काम शेवटी येत नाही, सणाच्या शुभेच्छा मूळ विषयाची जागा घेतात. उपयोग होतो आहे की नाही, हे अंगठ्यांच्या खुणांवरून ठरत नाही. सूचनेनंतर ‘माझं बिल असंच आहे’ असा फोन येतो का, आणि पुढच्या महिन्यात क्रमांक चुकलेली बिले कमी येतात का, हे पाहावे. त्या फोनमधला प्रश्न वहीत गेला की पुढच्या तिमाहीचा एक सोमवार भरला. 30 मार्चच्या सूचनेखाली ‘पुढची मालिका जुलैपासून’ असे लिहून तीन महिने थांबता येते, आणि पुढच्या जानेवारीत याच 13 सूचना तारखा व नियम तपासून पुन्हा पाठवता येतात.