अ‍ॅपवरचं सोनं आणि पेढीचा फलक

प्रिय मावशी,

तू पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. जळगावच्या पेढीच्या फलकावर ग्रॅमला ९,१६० आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये त्याच वेळी १०,२००. "हे अ‍ॅपवाले ग्रॅममागे हजार रुपये जास्त का लावतात?" असं तू विचारलं आहेस. या हजार-चाळीस रुपयांची फोड करून दाखवते. तसं केलं की लबाडी किती आणि हिशोब किती, ते तुलाच दिसेल.

यातला मोठा भाग कॅरेटचा आहे. फलकावरचा दर दागिन्याच्या सोन्याचा, म्हणजे २२ कॅरेटचा. तुझ्या बांगड्यांवर ९१६ चा शिक्का आहे ना? त्याचा अर्थ हजार भागांत ९१६ भाग सोनं, बाकी तांबं-चांदीसारखे धातू. अ‍ॅपमध्ये मिळतं ते २४ कॅरेट, चोख. आता ९,१६० ला ०.९१६ ने भाग. उत्तर बरोबर १०,००० येतं. म्हणजे पेढीच्या हिशोबानेही चोख सोनं ग्रॅमला १०,००० च होतं. हजार-चाळीसांपैकी ८४० रुपये इथेच संपले. पुढच्या वेळी पेढीवर गेलीस की फलकावरची २४ कॅरेटची ओळ बघ, तुलना तिच्याशीच करायची.

उरले २०० रुपये. त्यांतले काही वेळेच्या फरकाचेही असू शकतात. सराफांचा दर बहुतेक ठिकाणी सकाळी ठरतो, फार तर दुपारनंतर बदलतो. अ‍ॅपचा दर मात्र जागतिक बाजार आणि डॉलरच्या भावाबरोबर मिनिटामिनिटाला हलतो, म्हणून तिथे ठरलेला दर काही मिनिटांपुरताच धरून ठेवतात. पण नेहमीचं, न चुकणारं कारण वेगळं आहे. अ‍ॅप ही नुसती दर्शनी खिडकी. मागे सोनं विकणारी आणि तिजोरीत सांभाळणारी कंपनी दुसरीच असते, एमएमटीसी-पॅम्प, सेफगोल्ड किंवा ऑगमाँटसारखी. साठवण, विमा, अ‍ॅपचं कमिशन आणि नफा हे सगळं खरेदी आणि विक्रीच्या दरांतल्या फरकातून निघतं. तू फोटो काढलास तो खरेदीच्या दराचा. शेजारचं 'Sell' दाबलं असतंस तर कमी आकडा दिसला असता. तो ९,९०० आहे असं धर.

आणखी एक गोष्ट त्या फोटोत नव्हती, ती म्हणजे ३ टक्के जीएसटी. अनेकदा तो पैसे भरायच्या शेवटच्या पानावर दिसतो.

आता तू १०,३०० रुपये भरलेस असं समज. ३०० जीएसटीला गेले. उरलेल्या १०,००० मध्ये १०,२०० च्या दराने ०.९८०४ ग्रॅम सोनं तुझ्या खात्यात पडलं. त्याच क्षणी विकलंस तर ९,९०० च्या दराने सुमारे ९,७०६ रुपये हातात येतील. म्हणजे भाव तसूभरही न हलता ५९४ रुपये गेले. विक्रीचा दर सहा टक्क्यांहून थोडा जास्त चढेल तेव्हा कुठे तू मुद्दलावर येशील. अ‍ॅपवर सोनं घेताना बघायचा आकडा हा आहे.

सराफ मग स्वस्त का? तसंही नाही. फलकावर घडणावळ लिहिलेली नसते. दहा ग्रॅमच्या पाटलीचे ९१,६००, त्यावर १२ टक्के घडणावळ धरली तर १०,९९२, आणि या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. बिल होतं सुमारे १,०५,६७०. मोड द्यायला गेलीस की घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाहीत, काही पेढ्या वर घटही धरतात. अ‍ॅपमध्ये घडणावळ नाही, पण पाटलीही नाही.

तिजोरीतलं सोनं सुरक्षित आहे का, असंही तू विचारलंस. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीने लोकांना सावध केलं की असं डिजिटल सोनं तिच्या नियमांखाली येत नाही. कंपनी बुडाली तर सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षणाचा आधार मिळणार नाही. सेबीच्या देखरेखीखालचा पर्याय म्हणजे गोल्ड ईटीएफ. त्यासाठी डीमॅट खातं लागतं, ते मी काढून देईन.

पण तुला नातीच्या लग्नासाठी पाटल्याच करायच्या आहेत ना? मग अ‍ॅपमध्ये थोडं थोडं साठवून, शेवटी विकून सराफाकडे जाण्यात तोटाच दिसतो. खरेदी-विक्रीतला फरक एकदा सोसायचा, जीएसटी मात्र दोनदा भरायचा: एकदा अ‍ॅपवर, एकदा पाटल्यांवर. माझ्या मते तू पैसे बँकेच्या आवर्ती ठेवीत टाक आणि पाटल्या सराफाकडूनच घे. मधल्या काळात भाव चढला तर तो फटका बसेल, हे मात्र धरून चाल. आणि घडणावळीवर घासाघीस कर, ती कमी होते.

तुझी,
भाची