बीएमआयचे गणित आणि एककांची गफलत

आपल्या घरात एखाद्याचे वजन विचारले, तर उत्तर किलोत मिळते आणि उंची विचारली, तर फूट-इंचांत. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. बाजारातून शेर-छटाक गेले, कापड मीटरने मोजले जाऊ लागले, परंतु माणसाची उंची मात्र अजून फुटांतच राहिली आहे. शरीरभार निर्देशांक, अर्थात बीएमआय, काढताना नेमकी येथेच अडचण होते. या निर्देशांकाचे सूत्र सोपे आहे : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. सूत्र चुकत नाही. चुकते ते उंचीचे रूपांतर.

एक उदाहरण घेऊ. चाळिशीतील एका गृहिणीचे वजन ६२ किलो आहे आणि उंची ५ फूट ४ इंच. आपण बोलताना सहज 'पाच चार' म्हणतो आणि कागदावर ५.४ असे लिहितो. तो टिंब केवळ फूट आणि इंच वेगळे दाखवण्यासाठी असतो. पण कॅल्क्युलेटरला तो दशांश चिन्ह वाटतो. फुटात इंच बारा असतात, दहा नव्हेत. म्हणून ४ इंच म्हणजे ०.४ फूट नसून ०.३३ फूट होतात. ५.४ ला ३०.४८ ने गुणले, तर उंची १६४.६ सेंटीमीटर येते. प्रत्यक्षात ती १६२.६ सेंटीमीटर आहे.

दोन सेंटीमीटरने असे काय बिघडणार, असे आपल्या मनात येईल. पण सूत्रात उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे उंचीत एक टक्का चूक झाली की निर्देशांकात जवळजवळ दोन टक्के चूक होते. चुकीच्या उंचीने या गृहिणीचा बीएमआय २२.९ येतो, तर योग्य उंचीने २३.५. भारतीय प्रौढांसाठी डॉक्टर २३ पासून पुढे अतिवजन आणि २५ पासून पुढे स्थूलता मानतात, कारण आपल्याकडे तुलनेने कमी बीएमआयलाही मधुमेह व हृदयविकाराची जोखीम वाढलेली आढळते. म्हणजे एका टिंबामुळे ही बाई रेषेच्या अलीकडे राहिली आणि 'आपले सारे ठीक आहे' असे समजून निश्चिंत झाली.

हीच गफलत कधी उलट्या दिशेनेही होते. ५ फूट १० इंच उंचीच्या तरुणाने ५.१० असे लिहिले, की यंत्र ते ५.१ फूट समजते. १७७.८ सेंटीमीटर उंचीचा तरुण क्षणात १५५.४ सेंटीमीटरचा होतो. त्याचे वजन ७४ किलो असेल, तर खरा बीएमआय २३.४ आहे, चुकीचा येतो ३०.६. थोडक्यात, १ ते ९ इंचांपर्यंत ही चूक माणसाला उंच दाखवते आणि १० व ११ इंचांवर एकदम बुटके करते.

आणखी एक सवय शाळेपासूनची आहे. दप्तरातली फूटपट्टी ३० सेंटीमीटरची असते, म्हणून एक फूट म्हणजे ३० सेंटीमीटर असे आपण धरून चालतो. पट्टी नीट पाहिली, तर बारावा इंच तिशीच्या रेषेच्या किंचित पुढे, ३०.४८ वर संपतो. ३० सेंटीमीटरचा फूट आणि अडीच सेंटीमीटरचा इंच धरून त्याच गृहिणीची उंची काढली, तर ती १६० येते आणि बीएमआय २४.२ होतो. एकाच बाईचे, एकाच दिवशी, तीन निर्देशांक!

यावर उपाय एकच, आणि तो सोपा आहे. प्रथम फुटांचे इंच करावेत : ५ गुणिले १२, अधिक ४, म्हणजे ६४ इंच. मग ६४ ला २.५४ ने गुणावे : १६२.५६ सेंटीमीटर. त्याला शंभराने भागून मीटर करावेत आणि वर्ग करावा : सुमारे २.६४. शेवटी ६२ ला २.६४ ने भागावे : २३.५. फूट आणि इंच एकाच संख्येत कधीही लिहू नयेत. '५ फूट ४ इंच' असे पूर्ण लिहिण्याचा आळस महाग पडतो.

ज्यांची मुले ब्रिटनमध्ये आहेत, त्यांना वजनातही हाच अनुभव येतो. तेथे बोलण्यात अजून स्टोन हे माप चालते. एका स्टोनमध्ये १४ पौंड असतात. समजा, मुलाने फोनवर सांगितले, 'वजन अकरा स्टोन बारा, उंची पाच फूट सात.' आपण ११.१२ स्टोन असे मांडले, तर वजन ७०.६ किलो येते आणि बीएमआय २४.४. खरे गणित असे : ११ गुणिले १४, अधिक १२, म्हणजे १६६ पौंड, त्याला ०.४५३६ ने गुणले की ७५.३ किलो. उंची ६७ इंच, म्हणजे १७०.२ सेंटीमीटर. बीएमआय २६. जवळजवळ पाच किलो वजन एका टिंबात हरवले होते. डिजिटल काट्यावरील आकडा स्टोन-पौंडांचा की दशांश स्टोनचा, असा संशय आला, तर तर्क करत बसू नये. अनेक काट्यांच्या तळाशी एकक बदलण्याची कळ असते, ती दाबून थेट किलो पाहावेत.

अमेरिकेत पौंड आणि इंच वापरून थेट बीएमआय काढतात. तेथे पौंडांना इंचांच्या वर्गाने भागून ७०३ ने गुणतात. हा ७०३ म्हणजे पौंडाचे किलो आणि इंचाचे मीटर करण्याचे काम एकाच आकड्यात उरकणे होय. वरील मुलाचे १६६ पौंड ७०३ ने गुणून ४४८९ ने भागले, तरी उत्तर २६ च येते. ताळा पाहण्यास ही रीत चांगली. मात्र ७०३ हा आकडा केवळ पौंड-इंचांच्या जोडीसाठी आहे. आपल्या गृहिणीचे ६२ किलो आणि ६४ इंच त्यात घातले, तर उत्तर १०.६ येईल. तिचे वजन पौंडांत, म्हणजे १३७, घेऊन मीटरच्या सूत्रात घातले, तर ते ५२ च्या घरात जाईल. चालत्या-फिरत्या माणसाचा निर्देशांक असा अचाट आला, की एकके मिसळली असे समजावे. मोठी चूक स्वतःच बोलते. अर्ध्या-एका अंकाची चूक गप्प राहते, आणि ती रेषेजवळ असेल तर तीच अधिक नडते.

म्हणून शक्य असेल, तर रूपांतराची वेळच येऊ देऊ नये. पादत्राणे काढून, टाचा भिंतीला टेकवून, सरळ समोर पाहत उभे राहावे. दुसऱ्याने डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून पेन्सिलीने खूण करावी आणि टेपच्या सेंटीमीटरच्या बाजूने मोजावे. घरातील वडीलधाऱ्यांची उंची तर नव्यानेच मोजावी. वयाबरोबर ती काहीशी कमी होते आणि तिशीतला आकडा सत्तरीत लागू पडत नाही. वाढत्या मुलांना मात्र प्रौढांच्या या सीमारेषा लावू नयेत. त्यांचा निर्देशांक वय आणि लिंग यांनुसारच्या तक्त्यावर पाहावा लागतो.

घरातील आरोग्याच्या वहीत आज प्रत्येकाच्या नावापुढे उंची सेंटीमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये, एककासह लिहून ठेवा. पुढच्या खेपेस डॉक्टरांनी विचारले, की 'पाच चार' असे सांगण्याऐवजी 'एकशे साडेबासष्ट सेंटीमीटर' असे सांगता येईल.