पुराच्या निरोपात पहिली ओळ कुणाची?

दोहातल्या फरीज बिन ओमरान भागात आम्ही कोल्हापूर-सांगलीकडची काही मंडळी राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा आमचा एक छोटा गट तयार झाला. तिकडच्या नातेवाइकांपर्यंत आणि गल्लीच्या ग्रुपपर्यंत खरी माहिती पोचवायची, एवढंच काम. एवढ्या लांबून काय मदत करणार, असं घरचेही म्हणाले. पण तिकडे वीज गेलेली, मोबाइल चार्ज करायला जागा नाही. आमच्याकडे वीज होती, नेट होतं आणि घड्याळ अडीच तास मागे होतं. कोल्हापुरात मध्यरात्री साडेबाराला लोक थकून पडायचे तेव्हा आमच्याकडे रात्रीचे दहाच वाजलेले असायचे. त्यामुळे रात्रपाळी आपोआप आमच्याकडे आली.

तेव्हा फिरणारे बहुतेक निरोप असे सुरू व्हायचे: ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, धरण क्षेत्रात सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे पंचगंगा नदीच्या पाणीपातळीत झपाट्याने वाढ होत असून...’ असं करत करत सातव्या-आठव्या ओळीत यायचं की अमुक वस्तीने घर सोडावं. आता मोबाइलच्या पडद्यावर, निरोप न उघडता, पहिली ओळ-दीड ओळच दिसते. बॅटरी आठ टक्के उरलेला माणूस ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’ एवढं वाचून फोन खिशात टाकतो. त्याच्या कामाचं वाक्य खालीच राहतं.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. सर्वात आधी कुणासाठी, मग काय करायचं, मग कुठे जायचं, आणि कारण शेवटी. कोल्हापुरात सुतारवाडा ही वस्ती पाण्यात लवकर सापडते आणि तिथल्या कुटुंबांना दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात हलवतात, हे तिकडच्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा निरोप असा: ‘सुतारवाडा: आत्ता घर सोडा, चित्रदुर्ग मठात जा. निघताना मेन स्विच बंद करा. औषधं, चष्मा, कागदपत्रं सोबत घ्या. वाहत्या पाण्यातून जाऊ नका.’ त्याखाली बंधाऱ्याची पातळी, त्याखाली माहिती कुठून आली ते. वस्तीचं नाव पहिलं का? तर ज्याचं ते नाव आहे तो थांबतो आणि बाकीचे घाबरत नाहीत. ‘कोल्हापूरकरांनो सावधान’ म्हटलं की सगळेच दचकतात आणि हलत कुणीच नाही.

पातळीचं गणित कोल्हापूरकराला पाठ असतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पण ४३ ही आख्ख्या शहराची खूण झाली. माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार, हे त्या आकड्यावरून कळत नाही. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा ज्यांनी आयुष्यात दारात पाणी पाहिलं नव्हतं त्यांच्याही घरात ते शिरलं. त्यामुळे नुसता आकडा टाकायचा नाही, तो वाढतोय की उतरतोय हे लिहायचं आणि शेजारी त्या गल्लीने काय करायचं ते लिहायचं, असं ठरलं. राधानगरीचे दरवाजे उघडले ही बातमीही तशीच. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. ‘दरवाजा उघडला’ म्हणजे काही भलतंच घडलं असं नव्हे. पण त्याच वर्षी जुलैमध्ये कोकणात तिवरे धरण फुटून माणसं गेली होती. त्यामुळे ‘धरण’ शब्द दिसला की लोकांचं काळीज हलायचं.

दुसरी अडचण वेळेची. ‘दोन तासांपूर्वी पूल बंद झाला’ हा निरोप पुढे पुढे जात तिसऱ्या दिवशीही फिरतो आणि तेव्हाही तो ‘दोन तासांपूर्वी’चाच असतो. त्यात आमचं घड्याळ वेगळं. म्हणून निरोपात तारीख आणि भारतातली वेळ आकड्यात हवीच, आणि सोबत तो कधीपर्यंत धरायचा तेही: ‘७ ऑगस्ट, सकाळी ९ पर्यंतच. त्यानंतर नवा निरोप पाहा.’ आपण मूळ निरोप पुसला तरी दुसऱ्यांनी पुढे पाठवलेल्या प्रती पुसल्या जात नाहीत. शिळेपणाची तारीख त्याच्या अंगावरच लिहिलेली असली की निदान वाचणाऱ्याला कळतं.

चिखली-आंबेवाडीकडच्या लोकांशी बोलताना आणखी एक गोष्ट उमगली. ‘सुरक्षित स्थळी जा’ हे ऐकूनही माणसं निघत नाहीत, कारण गोठ्यात म्हशी असतात. हा हट्ट नव्हे. दूध हीच त्या घराची आठवड्याची कमाई. मग निरोपात जनावरं कुठे न्यायची, तिथे चारा आहे का, हे दुसऱ्याच वाक्यात आलं पाहिजे. आणि नेणं शक्यच नसेल तर ‘दावी सोडा’ हे दोन शब्द. बांधलेलं जनावर पाण्यात वाचत नाही.

८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्यानंतर बोटीच्या प्रत्येक निरोपाची पहिली ओळ बदलली: ‘बोट भरली असेल तर चढू नका, वरच्या मजल्यावर थांबा.’ बोट कुठल्या बाजूने येणार, ते त्यानंतर.

परदेशातून फोन करणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर दोहाहून लागत नाही. नियंत्रण कक्षाचा लँडलाइन नंबर आधीच काढून ठेवावा लागतो, कोल्हापूरसाठी +९१ २३१ लावून. आणि एका अडकलेल्या घरासाठी एकानेच फोन करायचा. दोहा, दुबई आणि पुण्यातून तिघांनी त्याच म्हातारीसाठी फोन केले तर कक्षाच्या वहीत तीन नोंदी होतात. तिचा फोन नंबर मोठ्या ग्रुपवर टाकायचा नाही. विचारपूस करणाऱ्यांचे शंभर फोन तिची उरलीसुरली बॅटरी खाऊन टाकतात. ती बाहेर निघाली की ‘सुटका झाली, पुढे पाठवू नका’ हा निरोप जिथे जिथे पहिला गेला तिथे तिथे टाकायचा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचं कौतुक कुणी करत नाही, पण बोटीची एक फेरी वाचते.

इथल्या पावसाला मात्र हा साचा चालत नाही. २० ऑक्टोबर २०१८ ला दोहात काही तासांत जवळजवळ वर्षभराचा पाऊस पडला. इथे नदी नाही, बंधारा नाही, पातळी चढायची वाट बघायला वेळही नाही. पाणी थेट सखल रस्त्यांत आणि भुयारी मार्गांत साचतं. इथली पहिली ओळ गाडीत बसलेल्या माणसासाठी असते: ‘भुयारी रस्त्यात गाडी घालू नका. अडकलात तर गाडी सोडा, ९९९ लावा.’ आपल्याकडे माणूस घर सोडायला तयार नसतो, इथे गाडी. दोन्हीकडे मराठीच माणसं, पण सांगायचं वेगळं.

पाणी उतरायला लागल्यावर निरोपांचा सूर सैल होतो, आणि नेमकं तेव्हाच आणखी काळजी लागते. कोल्हापुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली गेल्याने चहूकडे पूर आणि नळ कोरडा अशी स्थिती होती. तेव्हा ‘उकळलेलं किंवा टँकरचंच पाणी प्या’ वर, ‘भिंती ओल्या असताना वायरमनला दाखवल्याशिवाय मेन स्विच लावू नका’ त्याच्या खाली. मदतीच्या यादीतही काय नको ते आधी लिहावं लागलं. जुने कपडे गाडीगाडीने यायचे आणि ते निवडायला माणसं लागायची. हवे होते झाडू, फिनेल, अंतर्वस्त्रं, सॅनिटरी नॅपकिन, चारा. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद असेपर्यंत तर ‘ट्रक पाठवू नका’ हीच पहिली ओळ होती.

जुलै २०२१ मध्ये पाणी २०१९ च्याही वर चढलं. तेव्हा आमच्याकडे वीसेक निरोप तयार होते, वस्तीनिहाय, फक्त तारीख, वेळ आणि पातळी भरायची जागा रिकामी. यंदाही जूनच्या पहिल्या आठवड्यात ते काढून कोल्हापूरच्या मंडळींकडून तपासून घेतले. दोन ठिकाणची निवारा केंद्रं बदललीत, ती दुरुस्त केली.