‘गुड’ शेरा आणि पंधरा दिवसांची मुदत

देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता पदावरच्या बढतीसाठी मागच्या पाचही वर्षांच्या गोपनीय अहवालांत किमान ‘व्हेरी गुड’ असावे, अशी अट होती. १९९३-९४ या एका वर्षी त्यांना ‘गुड’ मिळाले होते, तेवढ्यावरून बढती हुकली आणि कनिष्ठ पुढे गेले. हा शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. कळवायचे ते प्रतिकूल शेरे, असा तेव्हाचा रिवाज. आणि ‘गुड’ला प्रतिकूल कोण म्हणणार?

सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. १२ मे २००८ रोजीच्या निकालात न्यायालयाने शेऱ्याच्या नावाकडे न पाहता त्याच्या परिणामाकडे पाहिले. ज्या शेऱ्याने बढती अडते तो प्रतिकूलच. म्हणून वाईट, साधारण, चांगला कसाही असो, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध अर्ज करता येईल. देव दत्त तोवर निवृत्त झाले होते. तरीही तो जुना ‘गुड’ त्यांना कळवावा, त्यांच्या अर्जावर निर्णय घ्यावा आणि शेरा सुधारला तर बढतीचा पूर्वलक्षी विचार व्हावा, असे आदेश निघाले.

पुढच्याच वर्षी, १४ मे २००९ ला, केंद्राच्या कार्मिक विभागाने परिपत्रक काढले. ‘गोपनीय अहवाल’ हे नाव जाऊन ‘वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल’ आले आणि तो संपूर्ण कर्मचाऱ्याला दाखवणे सुरू झाले. मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने अभिवेदन द्यायचे. सक्षम अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय करायचा. त्यात एक अट आहे, जी घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटते: अभिवेदन अहवालातल्या ठरावीक, वस्तुस्थितीदर्शक निरीक्षणांपुरतेच असावे. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे निरीक्षण नव्हे. ‘मासिक अहवाल वेळेवर येत नाहीत’ हे आहे.

पत्र कसे लिहायचे ते या अटीवरूनच ठरते. हे पत्र ज्याने गुण दिले त्या साहेबाला पटवण्यासाठी नसते. ते जाते सहसा पुनर्विलोकन अधिकाऱ्याच्याही वरच्या अधिकाऱ्याकडे. त्याने अर्जदाराचे काम रोज पाहिलेले नसते. त्याच्यासमोर अहवाल, अर्ज, जोडपत्रे आणि बहुधा खालच्या अधिकाऱ्यांचे अभिप्राय एवढेच असते. त्याला गुण बदलायचे असतील तर बदलण्याचे कारण लिहावे लागते, आणि ते कारण अर्जदाराच्या कागदांतूनच उचलता आले पाहिजे.

उदाहरणासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. पुण्यातल्या एका केंद्रीय कार्यालयातल्या एक सहायक अधिकारी. अहवाल उघडला तर एकूण गुण ५.६५. केंद्राच्या पद्धतीत चार ते सहाच्या आत ‘गुड’, सहा ते आठच्या आत ‘व्हेरी गुड’, आठपासून पुढे ‘आउटस्टँडिंग’. २०१६ पासून सुधारित आश्वासित प्रगती योजनेच्या आर्थिक लाभासाठीही ‘व्हेरी गुड’ लागते. म्हणजे सहाच्या अलीकडे राहिले की पदोन्नतीच नव्हे, पगारवाढीची पायरीही अडू शकते.

पहिली ऊर्मी असते रात्री बसून चार पाने लिहिण्याची. त्याआधी कॅल्क्युलेटर घेतलेला बरा. हे गुण तीन भागांतून येतात: कामाच्या निष्पत्तीला ४० टक्के भार, वैयक्तिक गुणांना ३० आणि कार्यक्षमतेला ३०. आपल्या बाईंना निष्पत्तीत ५.५, वैयक्तिक गुणांत ६ आणि कार्यक्षमतेत ५.५ मिळाले आहेत. निष्पत्तीच्या भागात पुन्हा चार बाबी: ठरवून दिलेले काम, कामाचा दर्जा, विश्लेषणशक्ती, आणि अनपेक्षित किंवा विशेष काम. त्यांत गुण आहेत ५, ६, ६, ५. पहिली आणि चौथी बाब पाचावरून सातावर गेली, तर निष्पत्ती ६.५ होते आणि एकूण बेरीज ६.०५. विश्लेषणशक्ती, नेतृत्व, संवादकौशल्य यांवर भांडायची गरजच उरत नाही. तसेही नेतृत्व पाचाऐवजी सात का, हे सिद्ध करणारा कागद कोणत्याही कार्यालयात सापडायचा नाही.

या दोन बाबींच्या समोर प्रतिवेदन अधिकाऱ्याने लिहिले आहे: ‘मासिक अहवाल वेळेवर सादर होत नाहीत. प्रलंबित प्रकरणांत वाढ.’ विशेष कामाच्या रकान्यात: ‘उल्लेखनीय काही नाही.’ तीन विधाने. पत्राला तीनच परिच्छेद पुरतील.

प्रलंबित प्रकरणांचे सर्वांत सोपे, कारण ते विधान आकड्यांनीच खोडता येते. पत्रातला परिच्छेद असा असू शकतो: ‘१ एप्रिल रोजी माझ्या टेबलावर ४१२ प्रकरणे प्रलंबित होती. वर्षात २३६ नवीन आली, ३९० निकाली निघाली. ३१ मार्च रोजी शिल्लक २५८. म्हणजे प्रलंबित प्रकरणे १५४ ने कमी झाली आहेत. एप्रिल व मार्चच्या मासिक विवरणपत्रांच्या प्रती जोडपत्र १ म्हणून सोबत जोडल्या आहेत.’ यात एकही विशेषण नाही. शेरा चुकीचा आहे असेही लिहिलेले नाही; ते वाचणारा स्वतःच म्हणेल.

मासिक अहवालांचे प्रकरण अवघड, कारण तिथे साहेब थोडे खरे आहेत. बारा अहवालांपैकी नऊ ठरलेल्या ५ तारखेच्या आत गेले, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरचे तीन उशिरा. इथे मोह होतो तो नऊचा डंका पिटून तीनबद्दल गप्प राहण्याचा. पण अर्ज अभिप्रायासाठी प्रतिवेदन अधिकाऱ्याकडे गेला की तो नेमके तेच तीन दाखवणार, आणि मग बाकीच्या नऊंवरही कोणी भरवसा ठेवणार नाही. त्यापेक्षा स्वतःच लिहावे: ‘ऑक्टोबर ते डिसेंबरचे अहवाल अनुक्रमे ६, ९ व ४ दिवस उशिरा सादर झाले, हे मान्य आहे. या तीन महिन्यांत लेखा शाखेतील रिक्त टेबलाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे होता. कार्यालयीन आदेशाची प्रत जोडपत्र २. उर्वरित नऊ अहवाल मुदतीत सादर केल्याच्या ईमेलच्या प्रती जोडपत्र ३.’

या परिच्छेदात तिसऱ्या विधानाचे उत्तरही येऊन गेले. दुसऱ्या शाखेचे टेबल तीन महिने सांभाळणे हेच अनपेक्षित काम, आणि त्याचा आदेश कार्यालयानेच काढलेला. मात्र इथे एक पेच असतो. हे अतिरिक्त काम स्वयंमूल्यमापनात नोंदवले होते का? केंद्रात ते १५ एप्रिलपर्यंत भरून द्यायचे असते, आणि बरेच जण ते गेल्या वर्षीच्या मजकुरातली तारीख बदलून देतात. तिथे ज्याचा उल्लेख नाही ते काम तीन महिन्यांनी अभिवेदनात उगवले, तर वरचा अधिकारी विचारणारच: तेव्हा का नाही सांगितले? नोंद असेल तर पत्रात ‘स्वयंमूल्यमापनातील परिच्छेद अमुक पाहावा’ असे लिहावे. नसेल तर आदेशाच्या प्रतीवर भिस्त ठेवून पुढे जावे. तो निदान नाकारता येत नाही.

जोडपत्रांची निवडही जपून करायला हवी. ज्या कागदावर तारीख आणि जावक क्रमांक आहे तो सर्वांत भारी; फाइलच्या ई-नोंदी, ईमेल आणि विवरणपत्रे त्याखालोखाल. सहकाऱ्यांची ‘या फार मेहनती आहेत’ अशी पत्रे कुचकामी, आणि त्या सहकाऱ्यांनाही अडचणीची. मागच्या वर्षांचे उत्तम शेरे या वर्षीच्या कामाचा पुरावा ठरत नाहीत. गोपनीय फाइलमधली पाने परवानगीशिवाय जोडली, तर शेरा बाजूला राहून शिस्तभंगाची नोटीस हातात यायची. तीन विधानांना सहा-सात कागद पुरतात. पन्नास पानांचा गठ्ठा पाहून वाचणाऱ्याला वाटते की यात नेमके काहीच नसणार.

काही गोष्टी पत्रात नसणेच हिताचे. ‘या शेऱ्यामुळे माझी बढती अडेल’ हे खरे असते, पण गुण वाढवण्याचे ते कारण होऊ शकत नाही. सक्षम अधिकाऱ्याला काम तोलायचे असते, त्याचे परिणाम नव्हे. शेजारच्या टेबलावरच्याला सात मिळाले, हेही तसेच. साहेबांचा आकस आहे असा आरोप ठोस पुराव्यावाचून केला, तर अर्जाची दिशाच बदलते आणि साहेबाच्या बचावाचे टिपण तयार होऊ लागते. आदर म्हणजे ‘आपला नम्र सेवक’ची आरती नव्हे. ‘प्रतिवेदन अधिकाऱ्यांच्या नजरेस पुढील नोंदी आल्या नसाव्यात’ एवढे वाक्य पुरते. त्यात साहेबाची अब्रू राहते आणि त्याला आपला अभिप्राय बदलायला वाटही मिळते.

एखादा मुद्दा मात्र आकड्यांच्याही आधी तपासावा. अहवाल लिहिणाऱ्याने किमान तीन महिने काम पाहिलेले असावे लागते. साहेब फेब्रुवारीत बदलून आलेले असतील आणि त्यांनीच वर्षभराचा अहवाल लिहिला असेल, तर तेच पत्राचे पहिले कलम. तसेच १ किंवा २ इतके कमी गुण देताना विशिष्ट अपयश लिहून दाखवावे अशी अपेक्षा नियमांत आहे. कोरा रकाना आणि शेजारी २ असेल, तर त्यावर बोट ठेवावे.

विनंतीही नेमकी असावी. ‘योग्य तो न्याय मिळावा’ या विनंतीवर कोणी काय आदेश लिहायचा? त्याऐवजी: ‘वरील नोंदी विचारात घेऊन ठरवून दिलेले काम व विशेष काम या दोन बाबींच्या गुणांचा फेरविचार व्हावा, आणि प्रलंबित प्रकरणांबाबतचे वाक्य वगळावे, ही विनंती.’ गुण सुधारले नाहीत, तरी खोटे ठरलेले वाक्य जाणे ही लहान कमाई नाही; पुढची निवड समिती तेही वाचते.

खासगी कंपन्यांत असा नियमाचा आधार नसतो. तिथे कंपनीचे धोरणपत्रक काय म्हणते तेच खरे, आणि श्रेणी बऱ्याचदा एकट्या मॅनेजरने नव्हे, तर व्यवस्थापकांच्या बैठकीत, अमुक टक्केच लोक वरच्या श्रेणीत अशा साच्यात बसवून ठरलेली असते. मायक्रोसॉफ्टने असली सक्तीची वर्गवारी २०१३ मध्ये सोडली, सगळ्यांनी सोडलेली नाही. तिथल्या पत्रात वर्षारंभी लिहून ठरलेली उद्दिष्टे एका बाजूला आणि प्रत्यक्ष निकाल दुसऱ्या बाजूला मांडणे, हाच त्यातल्या त्यात भक्कम मार्ग.

पत्र पोचल्याची सही-शिक्क्याची पोच किंवा ऑनलाइन प्रणालीवरची नोंद जपून ठेवायची, कारण पुढची सगळी मुदत तिथून मोजली जाते. उत्तर ‘विचार करून अमान्य’ एवढ्या तीन शब्दांत आले, तर ते केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात नेता येते. अंतिम आदेशापासून एक वर्ष. न्यायाधिकरण सहसा स्वतः गुण वाढवून देत नाही. कारणे न दिलेला आदेश रद्द करून ते प्रकरण त्याच कार्यालयाकडे नव्याने निर्णयासाठी धाडते, आणि तिथे पुन्हा वाचली जातात तीच जोडपत्रे.