तेराव्याचं भाषण लांबतंय? मसुद्यातून काय काढायचं आणि काय ठेवायचं

लातूर-नांदेडकडे माणूस गेल्यावर बऱ्याचदा दोनदा बोललं जातं. पहिल्यांदा स्मशानभूमीत, अंत्यसंस्कार झाल्यावर. तिथे गावातली, नात्यातली, पक्षातली माणसं बोलतात आणि ते बहुधा आयत्या वेळचं असतं. दुसऱ्यांदा तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला. तिथे घरच्या कुणाला तरी माइक दिला जातो आणि ते भाषण आधी लिहून काढलेलं असतं. मंडपात तीन-चारशे माणसं, कीर्तनाची वेळ ठरलेली, मागे पंगतीची तयारी. अशा ठिकाणी दहा-बारा मिनिटांचं भाषण निम्म्यानंतर कुणी ऐकत नाही. बोलणाऱ्यालाही ते जाणवतं आणि मग शेवटची दोन पानं घाईत उरकली जातात. खरं सांगायचं ते नेमकं त्या पानांवर असतं.

आचार्य अत्रे यांनी पंडित नेहरूंवर मृत्युलेखांची मालिका लिहिली, ती पुढे ‘सूर्यास्त’ नावाने पुस्तकरूपात आली. वाचणारा मध्येच थांबू शकतो, मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. मंडपात बसलेल्या माणसाला ती सोय नाही. म्हणून ऐकवायच्या श्रद्धांजलीची लांबी पानांवर मोजू नये, मिनिटांवर मोजावी. मसुदा मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करावा. शांतपणे वाचलं तर साधारण शंभर ते सव्वाशे शब्दांना एक मिनिट लागतं, आणि मंडपात गळा भरून आल्यावर त्याहून जास्त. चार-पाच मिनिटं बोलायचं असेल तर मसुदा साडेचारशे शब्दांच्या आसपास हवा. पहिला मसुदा बहुतेकांचा याच्या दुप्पट-तिप्पट होतो, आणि त्यात गैर काही नाही.

कापायला बसलं की हात चुकीच्या जागी जातो. पदव्या, नोकरीच्या तारखा, संस्थांची नावं महत्त्वाची वाटतात म्हणून राहतात, आणि ‘हे काय सांगायचं’ म्हणून एखादी घरगुती आठवण उडते. व्हायला हवं याच्या उलट. जन्मगाव, शिक्षण, निवृत्ती हे सूत्रसंचालक परिचयात सांगतोच. ते मसुद्यातून सरळ काढावं. डॉक्टर, शेजारी, पाहुणे यांचे आभारही वेगळ्या कागदावर लिहून सूत्रसंचालकाकडे द्यावेत.

त्यानंतर उरते ती खरी पुनरुक्ती, आणि ती सहज दिसत नाही, कारण दर वेळी शब्द वेगळे असतात. समजा, नांदेडला नोकरी करणारी एक मुलगी वडिलांच्या तेराव्यासाठी लिहिते आहे. वडील औसा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. तिच्या मसुद्यातला एक परिच्छेद असा असू शकतो:

‘अण्णा अत्यंत प्रेमळ, मायाळू आणि दयाळू स्वभावाचे होते. त्यांनी कधीही कुणाला रिकाम्या हाती पाठवलं नाही. त्यांचं मन खूप मोठं होतं. त्यांनी १९९३च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवली. त्यांनी विद्यार्थ्यांवर पोटच्या लेकरांसारखं प्रेम केलं. ते विद्यार्थ्यांचे लाडके शिक्षक होते. घरी कुणीही आलं की ते ‘आधी जेव, मंग सांग’ असं म्हणायचे. त्यांच्या दारातून कुणीही उपाशी गेलं नाही. अशा या प्रेमळ माणसाच्या जाण्याने आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे.’

नऊ वाक्यं, ६५ शब्द. आता प्रत्येक वाक्यासमोर समासात एकच शब्द लिहायचा: हे वाक्य माणसाबद्दल काय सांगतं? पहिल्यासमोर ‘माया’. दुसऱ्यासमोर ‘देणं’. तिसऱ्यासमोर पुन्हा ‘माया’. चौथ्यासमोर ‘शाळा’. पाचवं, सहावं आणि नववं पुन्हा ‘माया’. सातवं आणि आठवं ‘देणं’. म्हणजे नऊ वाक्यांत तीनच गोष्टी आहेत. प्रत्येक गोष्टीचं एक वाक्य ठेवायचं, आणि निवडताना एकच बघायचं: हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तेराव्याला जसंच्या तसं वाचता येईल का? ‘मन खूप मोठं होतं’ कुठेही चालेल. ‘आधी जेव, मंग सांग’ हे फक्त अण्णांचं आहे.

या कसोटीवर ‘दुःखाचा डोंगर’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ अशी वाक्यंही गळतात. ती खोटी असतात म्हणून नव्हे. त्याच मंडपात आधी बोललेल्या चौघांनी ती म्हटलेली असतात, त्यामुळे लेकीच्या तोंडून आली तरी ती तिची वाटत नाहीत.

कापल्यावर मसुदा कोरडा पडेल, ही भीती सगळ्यांना वाटते. नुसती विशेषणं काढून थांबलं तर तो खरंच कोरडा पडतो. मोकळ्या झालेल्या जागेत एक प्रश्न विचारावा लागतो. इथे प्रश्न असा: त्या शेडमध्ये नेमकं काय व्हायचं? आईला किंवा अण्णांच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं तर उत्तर मिळतं. ते मिळाल्यावर परिच्छेद असा होऊ शकतो:

‘भूकंपानंतर शाळेला भिंती उरल्या नव्हत्या. अण्णांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरवला. हजेरी घेताना गेलेल्या लेकरांच्या नावापाशी थांबायचे, मग पुढचं नाव घ्यायचे. घरी कुणीही, कशासाठीही आलं, तरी पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आधी जेव, मंग सांग.’’

३२ शब्द झाले, म्हणजे निम्म्याहून कमी. ‘प्रेम’ हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी माया कमी झालेली नाही. मात्र असा प्रसंग एकाच्या आठवणीवर विसंबून घेऊ नये, दुसऱ्या कुणाकडून पडताळावा. आणि किल्लारीच्या पंचक्रोशीत बोलायचं असेल तर ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ज्यांचं लेकरू गेलं, ती माणसं समोर बसलेली असू शकतात. गेलेल्या मुलांची नावं घेऊ नयेत. अशा कुटुंबाशी ओळख असेल तर आधी जाऊन सांगावं. त्यांना नको असेल तर तो प्रसंग गाळावा, मसुदा कितीही फिका झाला तरी.

आणखी एक पुनरुक्ती मराठीच्या घडणीतून येते. आदरार्थी लिहिताना जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘त्यांनी’, ‘त्यांचं’, ‘ते’ने सुरू होतं. पहिल्या मसुद्यात नऊपैकी सहा वाक्यं तशी आहेत. मराठीत क्रियापदावरूनच आदर कळतो. ‘थांबायचे’, ‘घ्यायचे’ म्हटलं की कोण ते सांगावं लागत नाही. परिच्छेदात एकदा ‘अण्णा’ म्हटलं की बाकीची सर्वनामं बहुतेक गाळता येतात. मोठ्याने वाचताना हा फरक लगेच कानाला कळतो.

बोली मात्र तपासताना सुधारू नये. ‘मंग’चं ‘मग’ केलं, ‘काय करलालास’चं ‘काय करतो आहेस’ केलं, की समोर बसलेल्यांना अण्णा ओळखू येत नाहीत. भाषणाची बाकीची भाषा प्रमाण असली तरी गेलेल्या माणसाचं वाक्य त्याच्याच उच्चारात राहू द्यावं.

सगळं झाल्यावर मसुदा घरातल्या एकाच माणसाला वाचून दाखवावा. चौघांना दाखवला की प्रत्येक जण आपली एक आठवण घालायला सांगतो आणि शब्द पुन्हा हजारावर जातात. ऐकणाऱ्याला ‘कसं झालंय’ विचारून उपयोग नाही, ‘छान झालंय’ एवढंच उत्तर येतं. थोड्या वेळाने विचारावं, ‘यातलं काय आठवतंय?’ जे आठवत नाही, त्यातलंच अजून काही काढता येतं. वाचताना ज्या वाक्याला गळा दाटतो, ते लांब असेल तर तोडून दोन करावं, म्हणजे मध्ये श्वास घेता येतो. कापलेली पानं फाडू नयेत, भावंडांना पाठवावीत. वर्षश्राद्धाला पुन्हा कुणाला तरी उभं राहायचंच असतं.