लग्नाची यादी: एक चूल, एक ओळ

मे महिन्यात गुहागर तालुक्यातल्या बौद्धवाड्यांमध्ये लग्न निघालं की दोन याद्या तयार होतात. एक गावातली मंडळी करतात, दुसरी मुंबईतली. दोन्ही एकत्र केल्या की काही घरं दोनदा मोजली जातात आणि काही पार सुटतात. आम्ही अशा याद्या गूगल शीटवर करतो. त्यातला पहिला नियम म्हणजे एक चूल, एक ओळ.

समजा, आबलोलीत एका घरचे तीन भाऊ आहेत. थोरल्याकडे गावी 4 माणसं, मधल्याकडे नालासोपाऱ्यात 5, धाकट्याकडे दिव्यात 3. गावच्या यादीत 'अख्खं घर, 12' असं लागतं आणि मुंबईच्या यादीत 5 व 3 पुन्हा लागतात. माणसं 12, पण जेवणाचा अंदाज 20 चा. त्याच घराच्या मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहणारी विधवा काकी मात्र कुठेच नसते, कारण यादी कर्त्या पुरुषांच्या नावाने केलेली असते. चुलीप्रमाणे लिहिलं तर चार ओळी आणि 13 माणसं होतात, आणि काकीच्या नावाची पत्रिका निघते.

रकाने सातच ठेवा: A क्रमांक, B मूळ वाडी, C चूल कोणाची, D सध्या राहणार कुठे, E माणसं, F निमंत्रण, G येणार किती. दोन याद्या जोडल्यावर आधी B आणि मग C प्रमाणे क्रम लावा. एकाच वाडीतली एकाच आडनावाची घरं शेजारी आली की दुबार नोंद डोळ्यांना दिसते.

F मध्ये 'बाकी' आणि 'दिलं' हे दोनच पर्याय यादीतून निवडायला ठेवा. हाताने लिहू दिलं तर कोणी 'दिले' लिहितो, कोणी 'दिलंय', आणि मोजणी चुकते. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका टाकली म्हणजे 'दिलं' नव्हे. घरातल्या कुणाशी तरी बोलणं झाल्यावरच तसं लिहा. होकार आला की आकडा G मध्ये जातो. निमंत्रण पोचणं आणि माणसं येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

```
=COUNTIF(F2:F400,"बाकी")
=SUM(E2:E400)
=SUM(G2:G400)
```

पहिलं सूत्र किती चुली राहिल्या ते सांगतं, दुसरं बोलावलेली माणसं, तिसरं येणारी. माणसांच्या रकान्यात '4-5' लिहू नका. शीट त्याची तारीख करते आणि बेरीज एकदम चाळीस हजारांच्या वर उडी मारते. अंदाजच असेल तर 5 लिहा.

आचाऱ्याला आकडा तिसऱ्या सूत्रावरून द्या. ज्यांचं उत्तर आलेलं नाही, त्यांचा G रिकामा असतो. त्यांना फोन केल्याशिवाय तो आकडा पक्का धरू नका. लग्नाच्या आठ दिवस आधी 'बाकी' एवढ्याच ओळी गाळून काढा आणि वाडीवार वाटून द्या. गावातल्या ओळी गावच्या पोरांकडे, नालासोपारा-दिव्याच्या तिथल्या पोरांकडे. तो आकडा शून्य झाला की एकही चूल बोलावण्यावाचून राहिलेली नाही.